गौर कधी येते, कशी येते आणि तीनच दिवस का राहते?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "आमच्याकडे गौरी-गणपती कधी पाच दिवसांचे, कधी सहा, कधी सात दिवसांचे असतात, हा काय हिशेब आहे?" म्हटलं, चला, तिथूनच सुरुवात करू. आजचा भाग भाद्रपदातल्या गौरींचा. विदर्भात आणि मराठवाड्यात आपण यांना 'महालक्ष्म्या' म्हणतो, कोकणात 'गौराई', आणि पंचांगात नाव छापलेलं असतं 'ज्येष्ठागौरी'.

हे ज्येष्ठागौरी नाव नीट ऐका, उत्तर त्यातच आहे. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. चतुर्थीला गणपती, अष्टमीला कृष्णजन्म, दशमीला दसरा. गौर मात्र तिथी विचारत नाही. ती नक्षत्र बघून येते. भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना तिचं आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. तीन शेजारी नक्षत्रं, म्हणून तीन दिवस. आणि मधल्या नक्षत्रावरून तिचं नाव.

आता हिशेब बघा. चंद्राला एका नक्षत्रावरून निघून परत त्याच नक्षत्रावर यायला साधारण सव्वासत्तावीस दिवस लागतात. पण अमावास्या ते अमावास्या हे अंतर साडेएकोणतीस दिवसांचं. ही दोन घड्याळं एका चालीनं चालत नाहीत. बारा चांद्रमास होतात सुमारे ३५४ दिवसांत, आणि चंद्राच्या नक्षत्रांतल्या तेरा फेऱ्या होतात सुमारे ३५५ दिवसांत. म्हणजे दर वर्षी गौर गणपतीच्या मानानं जवळजवळ एक दिवस उशिरा येते. मग अधिक महिना आला की ती एकदम दीडेक दिवस मागे सरकते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

प्रत्यक्ष तारखा घेऊ या. २०२३ साली अधिक श्रावण होता. गणपती बसले १९ सप्टेंबरला, गौरी आल्या २१ला, गेल्या २३ला. गौरींबरोबर जाणारे गणपती त्या वर्षी पाच दिवसांचे. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला, गौरी १०ला आल्या, १२ला गेल्या. सहा दिवस. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला, गौरी ३१ला आल्या, २ सप्टेंबरला गेल्या. सात दिवस. झालं! यात कुणाची चूक नाही, मंडळी. घरात भांडण लागलं असेल, "मागच्या वर्षी तर लवकर गेले होते" म्हणून, तर आता मिटवून टाका.

आता ती येते कशी, ते बोलू. माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं आणि सासर चिपळूणकडचं. त्यामुळे मला दोन्ही गौरी लाभल्या, आणि त्या दोघींत एवढा फरक आहे की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, "गौर कुठे आहे?" त्यांनी ताम्हनातल्या सात खड्यांकडे बोट दाखवलं.

माहेरच्या महालक्ष्म्या म्हणजे उभ्या बाया. दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि त्यांच्यापुढे त्यांची बाळं. पितळी मुखवटे, आणि खाली पत्र्याच्या कोठ्या. कोठीला नऊवारी नेसवणं हे घरातल्या एकाच बाईचं काम असायचं, आमच्याकडे मोठ्या काकूचं. कोठी रिकामी ठेवली तर साडीच्या आणि दागिन्यांच्या ओझ्यानं ती पुढे झुकते, म्हणून आत गहू भरायचे. एका कोठीत गहू, दुसरीत तांदूळ, असंही काही घरांत असतं. साडी आधी नेसवायची, निऱ्या घालून, पदर खांद्यावर टाचून. मुखवटा शेवटी. मुखवट्याची बैठक सैल असेल तर आरतीत टाळ्यांच्या दणक्यानं तो हळूहळू फिरतो, आणि रात्री बघावं तर एक महालक्ष्मी दुसरीकडे तोंड करून उभी. मग बायका कुजबुजायच्या, "रुसली वाटतं." काकू गुपचूप जुन्या धोतराची पट्टी मानेशी गुंडाळून घट्ट करायची, की रुसवा गेला.

आवाहनाच्या संध्याकाळी हे मुखवटे घराबाहेर न्यायचे, अंगणातल्या तुळशीपाशी, आणि तिथून वाजतगाजत आत आणायचे. ज्यांच्या हातात मुखवटे, त्यांच्या पायांवर उंबऱ्याशी दूध-पाणी घालायचं, कुंकू लावायचं. दारापासून बसायच्या जागेपर्यंत रांगोळीची पावलं. आतली बाई विचारते, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं. बाहेरची उत्तर देते. आणि मग, माझ्या मते सगळ्यात गोड भाग, तिला घर दाखवायचं. हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, ही तिजोरी, हा गोठा. देवाला कुणी घर दाखवत नाही हो. गणपती येतो तो थेट मखरात बसतो. घर दाखवतात ते लेकीला. वर्षभरानं आलेली लेक पदर खोचून आधी सगळ्या घरातून एक फेरी मारते, काय नवं घेतलं, गाय व्याली का, भिंत कुठे पोपडलीय. तीच फेरी इथे.

सासरची गौर अगदी वेगळी. सात खडे. पाणवठ्यावरचे, गुळगुळीत, सुपारीएवढे. घरातली एक मुलगी किंवा सवाशीण जाऊन ते आणते, आणि आमच्या घरची रीत अशी की येताना तिनं बोलायचं नाही. तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलायची सोयच नाही! मागे एक जण ताट वाजवत येतो. घरी आल्यावर खड्यांना आंघोळ, हळदकुंकू, आणि ताम्हनात तांदळावर स्थापना. ना साडी, ना मुखवटा. पहिल्या वर्षी मला ते फार उघडंबोडकं वाटलं. नंतर कहाणी नीट ऐकली तेव्हा कळलं की कहाणीत जी गौर सांगितली आहे ती हीच, तळ्याकाठच्या खड्यांची.

कोकणातल्याच इतर घरांत गौर तेरड्याची असते. पावसात डोंगरउतारावर तेरडा फुललेला असतो, गुलाबी. रोपं मुळासकट आणून त्यांची जुडी बांधतात, साडी नेसवतात, वर मुखवटा किंवा नुसतीच. अशा रोपांच्या गौरी तिसऱ्या दिवशी सकाळी थोड्या माना टाकतात, आणि म्हाताऱ्या बाया म्हणतात, "जायचं म्हणून उतरलाय चेहरा."

कहाणीचं म्हणाले ना मी. पूजनाच्या दिवशी वाचतात ती. थोडक्यात सांगते. गरीब ब्राह्मण, घरी मुलं हट्ट करतायत, सगळ्यांकडे गौर आली, आपल्याकडेही आणा. पैसे नाहीत. तो जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथे त्याला एक म्हातारी भेटते, त्याची समजूत घालते, आणि तो तिला घरी घेऊन येतो. बायको मडक्यात कण्या बघायला जाते तर मडकं भरलेलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते, मला न्हाऊ घाल, घावन-घाटलं कर. मग खीर हवी म्हणते. दूध कुठलं, तर खुंट पूर, दावी बांध, संध्याकाळी गाई-म्हशींना हाका मार. गोठा भरतो. आणि तिसऱ्या दिवशी ती म्हणते, आता मला पोचवून ये.

बघा, यात देवी प्रकट वगैरे होत नाही आधी. थकलेली एक बाई घरी येते, आणि मागून खाते. आंघोळीला पाणी मागते, आवडीचं मागते. हे लेकीचंच वागणं. सासरी जी मागू शकत नाही, ती माहेरी मागते.

म्हणून नैवेद्याचा क्रमही तसाच आहे. पहिल्या दिवशी आमच्या माहेरी भाजी-भाकरी. शेपूची किंवा मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. लहानपणी मला वाटायचं, एवढी नटवून आणली आणि भाकरी? आई म्हणाली, "प्रवासातून आलीय. आल्या आल्या पुरणपोळी कुणाला जाते?" दुसऱ्या दिवशी मात्र काही बाकी ठेवायचं नाही. पुरणपोळी, ज्वारीची ताकातली आंबील, कढी, आणि सोळा भाज्या. वरती टांगलेला तळणीचा फुलोरा. तिसऱ्या दिवशी दहीभात आणि कानवले, म्हणजे वाटेचं खाणं.

सोळा भाज्यांनी नव्या सुनांची झोप उडते, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर. भाद्रपदात बाजारात सोळा भाज्या मिळवणं मुळीच अवघड नाही, कारण वेल भरात असतात: भोपळा, दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, कारलं, तोंडली, काकडी. हे झाले आठ. गवार, भेंडी, वांगं आणि अळू, अंबाडी, चवळी, शेपू, मेथी, हे उरलेले आठ. सोळा कढया चढवायच्या नसतात! आमच्याकडे चार-पाच भाज्या वेगळ्या व्हायच्या आणि बाकी सगळ्या मूठमूठ घेऊन एकाच पातेल्यात. त्यात चुकतं ते क्रमात. सगळं एकदम टाकलं की पालेभाजी गळून जाते आणि गवार कच्ची राहते. आधी गवार, तोंडली आणि वांगं, ती अर्धी शिजली की वेलाच्या भाज्या, पालेभाज्या अगदी शेवटी. भेंडी वेगळी परतून घ्यायची, नाहीतर सगळ्याला तार सुटते. अंबाडी त्यात घालू नका, तिच्या आंबटपणापुढे बाकी काही लागत नाही. तिची भाजी वेगळी.

आणि सासरचं घाटलं. एका नारळाचं दूध, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाऊण वाटी गूळ, वेलची. पीठ थंड दुधात आधी कालवून घ्यायचं, गरमात टाकलं तर गाठी ठरलेल्या. नारळाचं दूध खळखळून उकळू द्यायचं नाही आणि गूळ गॅस बंद केल्यावरच घालायचा. नाहीतर दूध फाटतं, वर तेल तरंगतं आणि खाली रवाळ होतं. मंद आचेवर ढवळत राहा. पळीच्या पाठीवर थर बसला की झालं.

आता एक गोष्ट, जी ऐकून काही लोकांच्या भुवया वर जातील. कोकणात अनेक घरांत, आगरी, कोळी, भंडारी आणि इतरही समाजांत, गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, कोंबडी, मासे, कुठे खेकडे. शेजारी गणपती बसलेला असतो, त्याच्या आणि गौरीच्या मधे पडदा ओढतात. मुलगा शाकाहारी, आई माहेरी आलेली! कुणी म्हणेल, हे कसं चालतं? अहो, लेक माहेरी आल्यावर तिच्या आवडीचं करायचं की शेजाऱ्याच्या आवडीचं? पुरणपोळीला जो न्याय, तोच खेकड्याला. मला तरी दोन्हींत फरक दिसत नाही.

कोकणातला ओवसा सांगायला हवा, कारण त्यात नक्षत्राची अजून एक गंमत आहे. लग्नानंतर नवी सून गौरीला ओवसते. सुपं घेऊन, त्यांत पानं, फळं, सुकामेवा, खण असं घालून ती गौरीपुढे ओवाळते, मग वडीलधाऱ्यांना सूप देऊन पाया पडते, आणि ते तिला काहीतरी देतात. सुपं बहुतेक ठिकाणी तिच्या माहेरून येतात. पण अनेक गावांत पहिला ओवसा दर वर्षी होत नाही. गौर 'पूर्वा'त यावी लागते. हे पूर्वा चंद्राचं नक्षत्र नाही, सूर्याचं. शेतकरी पावसाची नक्षत्रं मोजतात त्यातलं. सूर्य साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर पूर्वात असतो. आता मघाच्या तारखा आठवा. २०२४ आणि २०२५च्या गौरी पूर्वात आल्या. २०२३च्या गौरी २१ सप्टेंबरला, तेव्हा सूर्य उत्तरात गेलेला. म्हणजे २०२३च्या फेब्रुवारीत लग्न झालेल्या मुलीचा पहिला ओवसा थेट २०२४ साली. दीड वर्षाची सून, कदाचित कडेवर मूल, आणि तेव्हा कुठे तिची सुपं येणार. अधिक महिन्यामुळे सण पुढे गेला की असं होतं.

आणि इथेच मला एक गोष्ट बोलायची आहे, ती टाळून हा भाग पुरा व्हायचा नाही. गौर माहेरी येते म्हणतो आपण. पण तिच्यासाठी चार वाजता उठून पुरण वाटणारी घरातली सून, तीही कुणाची तरी लेक आहे, आणि याच तीन दिवसांत तिला माहेरी जाता येत नाही. घरोघर गौर बसलेली, मग कोण कुणाकडे जाणार? लग्नानंतर एकवीस वर्षं मी माहेरच्या महालक्ष्म्या बघितल्या नाहीत. आईचा फोन यायचा, "बसल्या गं, छान दिसतायत," आणि मी इकडे घाटलं ढवळत असायची. बाविसाव्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "यंदा पूजन मी आणि तुझी नणंद करतो. तू जा." नणंद आली होती ना माहेरी, तिनं पदर खोचला. मी आवाहनाच्या दुपारी पोचले. आईनं उंबऱ्याशी मलाच थांबवलं आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मुखवटे माझ्या हातात दिले.

तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय. एक वर्ष नणंद येते आणि मी जाते, एक वर्ष मी इथे. रीत मोडली का? खडे तेच, नैवेद्य तोच. फक्त करणारे हात बदलले. जावेनं आधी नाक मुरडलं, आता तिचंही वर्ष लागलंय. हळदीकुंकवाचंही तेच. विधवा बाईला बाजूला बसवायचं आमच्याकडे बंद झालं ते माझ्या आईच्या बाबतीत. बाबा गेले त्या वर्षी काकूनं तिच्या हातात तबक दिलं आणि म्हणाली, "लेक आलीय, तिला आई नको का ओवाळायला?" यावर कुणाला बोलायला काही सुचलं नाही.

तिसरा दिवस. मूळ नक्षत्र कधी संपतं ते पंचांगात बघून वेळ ठरवायची. सकाळी सुताच्या गाठी पाडायच्या. सोळा पदरी सूत, हळदीत बुडवलेलं, त्याला सोळा गाठी, काही घरांत प्रत्येक गाठीत फूल, पान किंवा हळकुंड. हा तातू मग बायका गळ्यात किंवा हातात बांधतात. गौरीची ओटी भरायची, तांदूळ, नारळ, खण. पितळी मुखवटे पाण्यात सोडत नाहीत; अक्षता टाकून मुखवटा जागेवरून जरासा हलवला, की झालं विसर्जन. हलवल्यावर मात्र त्यांना पुन्हा नमस्कार करायचा नाही, असं आमची काकू म्हणायची. गेलेल्याला हाका मारू नयेत.

सासरचे खडे जिथून आणले त्याच पाण्यात परत जातात, आणि येताना तिथली मूठभर वाळू आणायची. ही वाळूही कहाणीतलीच. म्हातारी जायला निघते तेव्हा ब्राह्मण रडतो, तू गेलीस की हे सगळं जाईल. ती त्याला वाळू देते, घरभर टाक म्हणून. आम्ही ती धान्याच्या डब्यांभोवती टाकतो, परसात झाडांना टाकतो. आता मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना.

आणि माहेरी? साड्या सोडून घड्या घालायच्या, मुखवट्यांवरचं कुंकू कोरड्या फडक्यानं पुसायचं. ओलं ठेवलं तर पितळ हिरवं पडतं. जुन्या सुती लुगड्यात दोघींना वेगवेगळं गुंडाळून पेटीत. कोठीतले गहू चाळून दळायला जातात. त्याच्या पहिल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी, माहेरी राहिलेल्या खऱ्या लेकींसाठी.

पुढच्या भागात भेटू.